बुटीक की ऑनलाइन शिकवणी: दोन बहिणींचा संवाद

(रात्रीची जेवणे झाल्यानंतर दोघी बहिणी टेबलापाशी बसल्या आहेत. समोर हिशेबाची वही, दोघींची बँक पासबुके आणि मीनलने कागदावर काढलेला दुकानाचा आराखडा आहे.)

मीनल: ताई, आज हा विषय पुढे ढकलायचा नाही. तुझी नोकरी सुटून दोन महिने होत आले आणि माझ्या क्लासमधील कराराची मुदतही या महिनाअखेरीस संपते आहे. मी आराखडा काढला आहे तो एकदा नीट बघ. दर्शनी भागात दोन पुतळे, डाव्या भिंतीशी कपड्यांचा स्टँड, मागे ट्रायल रूम आणि पडद्याआड तुझे मशीन आणि कापड बेतायचे टेबल.

ताई: आराखडा सुरेख आहे आणि तो बघताना मला मोह होतो, हे मी लपवणार नाही. पण आधी वही उघड. आपल्या दोघींची मिळून शिल्लक घराच्या 14 महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. त्यात माझे 9 महिन्यांचे आणि तुझे 5 महिन्यांचे. मी हे पैशांऐवजी महिन्यांत मोजते, कारण मोठा आकडा पाहिला की माणसाला आपण श्रीमंत आहोत असे वाटू लागते, तर महिने मोजले की आपण किती दिवस तग धरू शकतो हे स्वच्छ दिसते.

मीनल: ठीक आहे, महिन्यांतच बोलू. म्हणजे 14 महिने.

ताई: त्यातले 6 महिने आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात जातील आणि कोणताही व्यवसाय केला तरी त्यांना हात लावायचा नाही. उरले 8. आता तुझे दुकान मांड.

मीनल: गाळ्याची अनामत, रंगकाम, दिवे, आरसा, ट्रायल रूम आणि फर्निचर मिळून 4 महिन्यांचा खर्च होतो. ओव्हरलॉक मशीन आणि चांगली इस्त्री धरून 1. पहिल्या मोसमाचे कापड, अस्तर, लेस, बटणे यांसाठी 2. एकूण 7. त्यानंतर भाडे, वीज आणि किरकोळ खर्च मिळून दरमहा घरखर्चाच्या निम्मे लागेल. आपल्याकडे 1 शिल्लक राहतो, म्हणजे एकही कपडा विकला गेला नाही तरी दुकान दोन महिने चालेल.

ताई: आणि त्या दोन महिन्यांत आपण घरात काय खाणार?

मीनल: (थोडा वेळ गप्प राहून) मी फक्त दुकान धरले होते.

ताई: दुकानाचा अर्धा आणि घराचा एक, असा दरमहा दीड जाईल. हाती उरलेला एक महिना म्हणजे 20 दिवस. एकविसाव्या दिवशी आपण त्या राखीव सहा महिन्यांच्या खात्याकडे बघू लागू. मी तुला घाबरवण्यासाठी बोलत नाही. तुझ्या कष्टाचे पैसे त्यात आहेत, म्हणून मला हे बोलणे भाग आहे.

मीनल: पण विक्री शून्य धरून चालणेही न्याय्य नाही. तुझ्या हाताला जी सफाई आहे ती लोकांना माहीत आहे. जिथे नोकरी केलीस तिथे ग्राहक तुझे नाव घेऊन विचारत येत असत.

ताई: येत होते, आणि म्हणूनच तो हिशेबही करू. कापड, अस्तर, दोरा आणि वाया गेलेले तुकडे वजा जाता एका पोशाखामागे घरखर्चाचा चाळिसावा हिस्सा हाती राहील असे धर. दुकानाचा खर्च निघण्यासाठी महिन्याला 20 पोशाख लागतात आणि घरही चालवायचे असेल तर 60. महिन्यात कामाचे 25 दिवस धरले तर रोज दोनाहून अधिक पोशाख पूर्ण व्हायला हवेत. माप घेणे, बेतणे, टीप घालणे, हातशिलाई, इस्त्री आणि शिवाय दारात येणाऱ्या प्रत्येकाशी बोलणे धरून मी मन लावून केले तर दिवसाला एकच अस्तराचा पोशाख होतो. 60 करायचे तर कारागीर हवा आणि कारागिराला पगार दिला की चाळिसावा हिस्सा चाळिसावा राहत नाही.

मीनल: मग शिवलेला माल बाहेरून आणून विकला तर?

ताई: त्यात भांडवल गुंतते आणि ते कधी सुटेल हे आपल्या हातात नसते. मी ज्या दुकानात होते तिथे दर्शनी काचेत एक निळा पोशाख होता. तो एका मोसमात विकला गेला नाही, दुसऱ्यातही नाही. शेवटी एका बाईंनी तो मागितला म्हणून मी पुतळ्यावरून काढला, तर उजव्या खांद्यावर उन्हाने विटून फिकट पट्टा पडला होता आणि घडीच्या आतले कापड मूळ निळे होते. बाई काही न बोलता निघून गेल्या. मालकीणबाई मात्र बराच वेळ तो पट्टा हाताने चोळत उभ्या होत्या. त्यांच्याकडे असे स्टँडभर कपडे होते. आपल्याला तसा एक स्टँडही परवडणार नाही.

मीनल: बरे, मग तुझ्या बाजूकडे येऊ. ऑनलाइन शिकवणीला भांडवल थोडे लागते हे मला मान्य आहे. मी क्लासमध्ये शिकवले आहे, त्यामुळे विद्यार्थी टिकवणे किती कठीण असते हेही मला ठाऊक आहे. आठ जण भरले तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पाच-सहा उरतात. शिवाय शिवणकामाचे धडे इंटरनेटवर हवे तेवढे फुकट पडलेले असताना आपल्याला कोणी पैसे का द्यावेत?

ताई: या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. मागच्या रविवारी आपण ओळखीच्या तिघींना घेऊन जो धडा करून पाहिला तो आठव. पहिली वीस मिनिटे माझी वाया गेली, कारण पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेल्या फोनमध्ये माझ्याच हाताची सावली कापडावर पडत होती आणि खडूची रेघ कुणालाच दिसत नव्हती. तू दिवा उजवीकडून काढून डावीकडे ठेवलास तेव्हा कुठे ती दिसली. पुढे त्यांच्यातल्या एकीने मुंढ्यापाशी चुण्या पडलेली बाही कॅमेऱ्यासमोर धरली. तिने तोच धडा फुकटच्या व्हिडिओत चार वेळा पाहिला होता. मी तिला उलट बाजू दाखवायला सांगितली आणि लक्षात आले की शिलाईसाठी सोडलेली माया गोलाईवर तिने छाटलीच नव्हती. तिने लहान लहान काप दिले आणि बाही बसली. फुकटचा व्हिडिओ तिची बाही पाहू शकत नव्हता. आपण जे विकणार आहोत ते हे, दुसऱ्याची चूक पाहून तिथल्या तिथे सुधारणे. म्हणूनच एका तुकडीत आठांपेक्षा अधिक जण घ्यायचे नाहीत.

मीनल: त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मीही पाहिला. पण हिशेब?

ताई: दिवे, माइक, वरून कॅमेरा धरणारा स्टँड आणि वेगवान इंटरनेट यांसाठी अर्धा महिना पुरेल, लॅपटॉप तुझा आहेच. उरतात साडेसात महिने. एका विद्यार्थिनीची मासिक फी घरखर्चाचा चाळिसावा हिस्सा ठेवली तर आठाठाच्या दोन तुकड्यांतून घराचा दोन-पंचमांश खर्च निघेल. पहिल्या महिन्यात दोन्ही तुकड्या भरतील असे मी मुळीच धरत नाही. एकही विद्यार्थिनी आली नाही तरी वीस दिवसांऐवजी आपल्या हाती साडेसात महिने असतील, एवढाच माझा आग्रह आहे. आणि सोडून द्यायची वेळ आली तरी दिवे, माइक, स्टँड घरात राहतील. गाळ्याच्या भिंतीला लावलेला रंग आणि ठोकलेले फर्निचर आपल्याला परत काढून आणता येत नाही.

मीनल: मला एक गोष्ट सलते, ताई. इतकी वर्षे तू दुसऱ्याच्या पाटीखाली शिवलेस. मला तुझ्या नावाची पाटी हवी होती. हा आराखडा काढताना माझ्या मनात दुसरे काही नव्हते.

ताई: (तिचा हात हातात घेऊन) ते मला समजले होते ग, म्हणून तर तो आराखडा मी फाडणार नाही. वहीच्या मागच्या कप्प्यात ठेव. पाटीचा निकष आपण आजच लिहून ठेवू. घरी बसून मापाचे कपडे शिवू, पण कापड ग्राहकाने आणायचे, म्हणजे माल पडून राहणार नाही; निम्मी शिलाई आगाऊ घ्यायची आणि सुरुवातीला महिन्याला आठांहून अधिक कामे घ्यायची नाहीत, नाहीतर शिकवणीकडे दुर्लक्ष होईल. पुढे सलग तीन महिने 20 पोशाखांची मागणी आली तर गाळा बघायचा, कारण तेवढ्यात दुकानाचा खर्च निघतो हे आताच मोजले. तेव्हा मागणी आपल्याला माहीत असेल, अंदाजावर भाडे भरावे लागणार नाही.

मीनल: आणि शिकवणीचा निकष?

ताई: चार महिने. चौथ्या महिन्याच्या शेवटी फी भरणाऱ्या निदान दहा जणी नसतील तर थांबायचे आणि दोघींनी नोकरी शोधायची. त्या वेळी, घरखर्च वजा जाऊनही, साडेतीन महिने आणि राखीव सहा महिने शिल्लक असतील. हे लिही, नाहीतर तेव्हा आपण “आणखी एक महिना बघू” असे म्हणत राहू.

मीनल: लिहिते. पण पैशांचे आपसातले काय? तू माझ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट घालते आहेस.

ताई: हेही आजच स्पष्ट व्हावे, बहिणी आहोत म्हणून बोलायचे टाळले की पुढे मनात अढी बसते. ज्या दोघी काम करतील त्यांना आधी कामाचा मोबदला सारखा. त्यानंतर काही उरले तर ते घातलेल्या पैशांच्या प्रमाणात. एकीला बाहेर पडायचे झाले तर दोन महिने आधी सांगायचे आणि तिने घातलेल्यांपैकी जे शिल्लक असेल तेवढेच तिने परत न्यायचे.

मीनल: मान्य आहे. मात्र माझी एक अट आहे. शिकवायचे तू. मी फी, वेळापत्रक, कॅमेरा आणि चौकशीचे फोन सांभाळीन.

ताई: खरे सांगायचे तर मला त्याचीच धास्ती वाटते. रविवारी तीन ओळखीचे चेहरे होते, तरी माझा आवाज कापत होता. समोर माणूस असला की मी बोलू शकते. त्या काळ्या काचेकडे बघून बोलायचे म्हटले की शब्द सुचत नाहीत.

मीनल: म्हणून मी कॅमेऱ्याच्या मागे बसेन, हातात कापड आणि सुई घेऊन. मला टीपसुद्धा सरळ घालता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू मला शिकव, बाकीच्या ऐकतील.

ताई: (हसून) मग पहिला धडा टेप धरण्याचाच घेऊ. तू तो नेहमी उलटा धरतेस. शनिवारी सकाळी दिवे आणायला जाऊ आणि त्याआधी उद्याच बँकेत जाऊन ते सहा महिन्यांचे वेगळे खाते उघडून येऊ.