√2 अपरिमेय असल्याच्या सिद्धतेवर शनिवारच्या सेमिनारसाठी प्रश्न

अगं, तुझी प्रॅक्टिस ऐकली, पुरावा बरोबर आहे, पण फळ्यासमोर उभं राहिल्यावर "हे का?" विचारलं की अडकशील अशा जागा आहेत, म्हणून प्रश्न लिहून देतेय. उत्तरं मुद्दाम दिली नाहीयेत.

पहिल्याच ओळीत "समजा √2 = p/q, p आणि q ला सामाईक अवयव नाही" असं म्हणालीस, म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी घुसवल्यास. यातलं विरोधाभासासाठी गृहीत धरलेलं कोणतं आणि फुकटात मिळणारं कोणतं? समजा मी म्हटलं की शेवटी p, q दोन्ही सम आले ना, मग फक्त "सामाईक अवयव नाही" एवढंच चुकलं, √2 परिमेय असेल की अजून! तर काय सांगशील? मला वाटतं अख्ख्या सेमिनारमधला हाच खरा प्रश्न आहे, यावर वेळ घालव. प्रत्येक अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिता येतोच हे कशावरून, आणि तिथे पूर्णांकांचा कोणता गुणधर्म लागतो?

p² = 2q² वरून p² सम, ठीक. त्यावरून p सम कसा? स्लाइडवर तू (2k)² = 4k² दाखवलंयस, ते उलट्या दिशेचं झालं. हवं ते विषम p घेऊन सिद्ध कर.

p = 2k टाकून q² = 2k² आलं, मग "त्याचप्रमाणे q सम" म्हणून पुढे गेलीस. चालेल, पण "त्याचप्रमाणे" म्हणजे नक्की कोणती पायरी परत वापरलीस?

आता 2 च्या जागी 4 टाक आणि पुरावा तसाच वाच. √4 तर 2 आहे, मग गाडी कुठल्या ओळीला थांबते? हिंट, p = 2 घेऊन बघ. मग 6 टाक. 6 मूळ संख्या नाही तरी पुरावा चालतो, का? आणि 12 ला? 12 ने 36 ला भाग जातो, 6 ला जात नाही, म्हणजे ती पायरी मोडली, तरी √12 अपरिमेयच आहे. पायरी मोडणं आणि विधान खोटं ठरणं यातला फरक इथे नीट बोल, कारण सर हमखास इथेच पकडतात :)

कोणी अतिसंक्षिप्त रूप न घेता "p, q अर्धे अर्धे करत जाऊ, हे कायम चालू शकत नाही" असं म्हणालं तर? 1, 1/2, 1/4 असं तर कायम चालतं, मग इथे का थांबतं?

आणि शेवटचा. तुझ्या शीर्षकात "√2 ही अपरिमेय संख्या आहे" असं आहे, पण तुझ्या पुराव्याने फक्त ज्याचा वर्ग 2 आहे असा परिमेय नाही एवढंच दाखवलं ना? असली वास्तव संख्या आहेच हे कुठून आणलंस?