जावई बसले! (रेडिओ स्पॉट, ३० सेकंद, बैठक फर्निचर, कोल्हापूर)

आधी एवढं वाचा: सासूबाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात आहेत, त्यांना बाहेरचं काही दिसत नाही, सगळं कानावरच चाललंय, ऐकणाऱ्यासारखंच. म्हणून त्यांचा आवाज लांबून, भिंतीपलीकडून यायला पाहिजे, जावई आणि सासरे मात्र माईकच्या अगदी जवळ.

० ते १२ सेकंद

(चकली तेलात सुटते, चर्रर्र. गल्लीत लांब एक लवंगी माळ. डोअरबेल.)

सासूबाई (आतून, ओरडून): आले वाटतं जावई! बसा की, पहिला दिवाळसण तुमचा!

(सोफा: कर्रर्र… कर्र… कट्ट!)

सासूबाई (खूश): बसले!

जावई (अवघडून): मामा, मी… उभाच बरा आहे.

सासरे (कुजबुजत): डाव्या अंगाला बसा ओ, तिकडचा पाय शाबूत आहे!

(कर्रर्रची क्लिप लायब्ररीतली नको, ती भुताच्या पिक्चरमधल्या दारासारखी वाटते. दुकानाच्या गोडाऊनला एक्स्चेंजमध्ये आलेले सोफे पडलेत, त्यातल्या सगळ्यात रडक्यावर कुणाला तरी बसवा आणि माईक खाली पायाशी धरून रेकॉर्ड करा.)

१२ ते २२ सेकंद

(चकलीचा आवाज कट. हलकी सनई, फक्त खाली.)

निवेदक: सोफा बोलायला लागला की बदलायचा! बैठक फर्निचरचा दसरा-दिवाळी सेल! जुना सोफा कसाही असू दे, आम्ही घेऊन जातो, नव्यावर सरळ पाच हजार कमी! वसुबारसेपर्यंत बुक करा, लक्ष्मीपूजनाआधी घरात!

(अटी लागू वगैरे शेवटी भरभर म्हणायला वेळच नाही, म्हणून मालकांशी बोलून अट ठेवलीच नाहीये, 'कसाही' म्हणजे कसाही. फोन नंबरपण टाकायचा नाही, गाडी चालवणारा माणूस कुठं लिहून घेणार.)

२२ ते ३० सेकंद

(परत चकली. डोअरबेल. मग एक हलकंसं फस्स, बास. एक सेकंद कुणी बोलत नाही, पण तेल चालूच ठेवा, पूर्ण शांत झालं तर लोकांना वाटतं स्टेशन गेलं.)

सासूबाई (आतून): जावईबापू, बसा की!

जावई (तोंडात चकली, एकदम निवांत): बसलोय की, कवाच!

निवेदक: बैठक फर्निचर, राजारामपुरी. सेल भाऊबीजेपर्यंत!

(जावयाचा 'कवाच' कोल्हापुरीच राहू दे, सुधारून 'केव्हाच' करू नका. वसुबारस झाली की त्या दिवसापासून निवेदकाची बुकिंगची ओळ काढायची आणि तिथं 'आज बुक करा, भाऊबीजेला भाऊ नव्या सोफ्यावर!' घ्यायची, दोन्ही एकाच बैठकीत रेकॉर्ड करून ठेवा, नंतर परत कलाकार गोळा करायला नकोत.)