संज्या आणि मेधा, पंचवीस वर्षं!

संज्या, मेधे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा रे दोघांना! सकाळपासून ग्रुपवर केकचे फोटो आणि फुलं चाललीयत, पण मला मात्र ती कंदिलाची काच आठवतेय.

१९९६, पुरुषोत्तमचे दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरत नाट्यला आपली एकांकिका आणि तालमीत कंदिलाची काच फुटली. सगळे एकमेकांवर ओरडत होते, आणि लाइट्सवाला संज्या, जो तोपर्यंत आमच्याशीसुद्धा धड चार वाक्यं बोलला नव्हता, तो खाली बसून तुकडे गोळा करत होता कारण मुली अनवाणी होत्या. मेधा तेव्हा आठवडाभरापूर्वीच कपडेपटाला आलेली, तिने विचारलं की अशी काच मिळते कुठे, तर हा मान वर न करता म्हणाला, "बोहरी आळीत." मीच म्हटलं, मग जा ना दोघं, माझी लुना घेऊन जा.

तासाभराचं काम, तुम्ही आलात अडीच तासांनी. लुनाच्या प्लगमध्ये पाणी गेलं म्हणून लक्ष्मी रोडवरून ढकलत आणली होती, दोघं नखशिखांत भिजलेले, आणि मेधाने ओढणीत गुंडाळून अगदी छातीशी धरलेल्या काचा, एक नाही दोन! "एक फुटली तर?" म्हणाली. संज्याने तिच्याकडे तेव्हा जे बघितलं ना, ते मी बघितलं. मग त्याने विचारलं, "तू जेवलीस का?" बास, एवढंच. दिवसभर तिने काही खाल्लं नव्हतं हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी "आवाज कुणाचा" ओरडून आमचे घसे बसले, फायनलला काही गेलो नाही, त्याचं तेव्हा किती रडू आलं होतं.

मग चार वर्षांनी सांगलीत तुमचं लग्न, तुझ्या आईने मेधा मला बळंच वाढलेल्या त्या जिलब्या, सगळं आठवतंय. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की माझी आई गेली तेव्हा तुम्ही रात्रीची एसटी पकडून आलात आणि दारातच संज्याने मला तेच विचारलं, "जेवलीस का?" आणि मेधाच्या पिशवीत डबा होता. तुम्हा दोघांचं हे असंच आहे, तो विचारतो आणि तिने आधीच आणलेलं असतं. मला तुम्ही खूप प्रिय आहात रे, आज लिहायचंच होतं हे.

ती दुसरी काच अजून तुमच्या वरच्या फडताळात आहे ना? मागच्या दिवाळीत बघितली होती मी, त्याच ओढणीच्या तुकड्यात. काढून पुसून ठेवा. जुन्या बाजारातून त्या मापाचा कंदील घेतलाय, रविवारी घेऊन येतेय, रॉकेल पण आणते. संध्याकाळी लावूया.

तुमची,
विद्या