नौका-इंजिन कर्जाच्या थकलेल्या हप्त्याबाबतची स्मरणपत्रे

(सहकारी बँक, हर्णै शाखा, तालुका दापोली. कर्ज रु. ६,००,०००, मंजुरी २०२२, मुदत ६० महिने, व्याजदर वार्षिक १०.५ टक्के, मासिक हप्ता रु. १२,८९६, देय तारीख दरमहा ५. जामीनदार दोन.)

३१ जुलै २०२४, मोबाइल संदेश

सप्रेम नमस्कार. ४१२७ या अंकांनी संपणाऱ्या आपल्या कर्जखात्याचा ऑगस्टचा हप्ता रु. १२,८९६ सोमवार, ५ ऑगस्ट रोजी, आपण दिलेल्या नॅच संमतीनुसार आपल्या दुसऱ्या बँकेतील बचत खात्यातून वळता होईल. १ जूनपासूनची मासेमारी बंदी आज संपत आहे. आंजर्ल्याच्या खाडीत ठेवलेली नौका बाहेर काढून डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल भागवेपर्यंत हाती पैसा उरत नाही, याची शाखेला कल्पना आहे, म्हणूनच हे आधी कळवत आहोत. बंदीच्या काळातही आपण जून आणि जुलैचे हप्ते वेळेवर भरलेत, याची नोंद आमच्याकडे आहे. ४ तारखेला रविवार असल्याने रक्कम शनिवारपर्यंत खात्यात ठेवावी, ही विनंती. हंगामासाठी शुभेच्छा.

शाखा व्यवस्थापक

५ ऑगस्ट २०२४, सकाळी ९, मोबाइल संदेश

नमस्कार. आपल्या कर्जाचा रु. १२,८९६ हा हप्ता आज देय आहे. खात्यात रक्कम असेल तर आपणांस काहीही करावे लागणार नाही. रक्कम कमी असेल तर आज शाखा बंद होण्यापूर्वी काउंटरवर रोख भरून पावती घ्यावी आणि भरणा नॅचऐवजी रोखीने झाल्याचे काउंटरवर सांगावे, म्हणजे तोच हप्ता दोनदा वळता झाल्यास जादा रक्कम लगेच परत करता येईल. या संदेशाच्या निमित्ताने कोणी ओटीपी किंवा पिन मागितल्यास तो बँकेचा माणूस नाही, हे लक्षात असावे.

७ ऑगस्ट २०२४, मोबाइल संदेश

नमस्कार. आपल्या बचत खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे ५ तारखेची वसुली परत आली असून हप्ता अद्याप जमा झालेला नाही. एखादे वेळी असे घडू शकते, त्यामुळे तूर्त यात काळजीचे कारण नाही. वसुली परत आल्याचे शुल्क करासह रु. २९५ लागू झाले आहे. शक्य तितक्या लवकर भरणा करावा, आणि काही अडचण असेल तर फोनवर किंवा शाखेत येऊन सांगावी. आपण आधीच भरणा केला असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे.

२० ऑगस्ट २०२४, पत्र

सप्रेम नमस्कार,

ऑगस्टचा हप्ता थकून आज पंधरा दिवस झाले आहेत आणि ७ तारखेच्या संदेशाला आपल्याकडून उत्तर आलेले नाही. काल नारळी पौर्णिमा झाली. पौर्णिमेपर्यंत समुद्र शांत नसतो आणि बरेच नौकामालक नारळ अर्पण केल्याशिवाय नौका बाहेर काढत नाहीत, हे ध्यानात घेऊन आम्ही हे पत्र आजपर्यंत थांबवले होते. आता मात्र हिशेब समोर ठेवणे भाग आहे. हप्ता रु. १२,८९६, परतीचे शुल्क रु. २९५ आणि थकीत रकमेवर वार्षिक २ टक्के दराने पंधरा दिवसांचे दंडशुल्क रु. ११ मिळून आज एकूण रु. १३,२०२ येणे आहे. दंडशुल्कावर पुन्हा व्याज आकारले जात नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते मुद्दलात मिळवता येत नाही.

अकरा रुपयांचा आकडा पाहून कोणालाही वाटेल की उशिराने फारसे बिघडत नाही. बिघडते ते पतनोंदीत. थकबाकीचे दिवस क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवले जातात आणि उद्या नवीन जाळ्यांसाठी किंवा घरासाठी कर्ज मागताना प्रत्येक बँक ती नोंद उघडून पाहते.

एकरकमी भरणे जमत नसेल तर निम्मी रक्कम या आठवड्यात आणि उरलेली ४ सप्टेंबरपूर्वी भरली तरी चालेल, मात्र तसे लेखी कळवावे. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळणारा डिझेलचा परतावा अडकला असेल तर त्याची कागदपत्रे दाखवावीत. परताव्यामुळे हप्ता माफ होत नाही, तरी पैसे कधी येणार हे कळले म्हणजे पुढचे बोलणे सोपे होते.

आपला,
शाखा व्यवस्थापक

१८ सप्टेंबर २०२४, नोंदणीकृत टपालाने, दोन्ही जामीनदारांना प्रतीसह

महोदय,

गणपतीच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, म्हणून आम्ही मुद्दाम पत्र पाठवले नाही किंवा वसुलीसाठी कोणाला धाडले नाही. काल अनंत चतुर्दशी झाली असून आता विलंब करता येणार नाही. ऑगस्टपाठोपाठ सप्टेंबरचाही हप्ता परत आला आहे. दोन हप्ते रु. २५,७९२, परतीचे शुल्क रु. ५९० आणि दंडशुल्क रु. ४० मिळून आज रु. २६,४२२ येणे आहे. थकबाकी तीस दिवसांपलीकडे गेल्यामुळे ४ सप्टेंबरपासून आपले खाते विशेष नोंद खात्यांच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एसएमए-१ मध्ये गेले आहे.

आपण ३० सप्टेंबरपर्यंत भरणा करावा किंवा शाखेत येऊन हंगामानुसार परतफेडीचे वेळापत्रक बदलण्यासाठी अर्ज करावा. अर्जाचा निर्णय कर्ज समितीकडे आहे. मंजुरीचे आश्वासन या पत्रातून मिळत नाही, आणि अशा बदलाचा आपल्या नोंदीवर काय परिणाम होईल तो मंजुरीपूर्वी आपणांस लेखी कळवला जाईल. बँकेचा प्रतिनिधी भेटीस आला तर तो सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच येईल, ओळखपत्र दाखवेल आणि लिलावाच्या जागी, बंदरावर किंवा शेजाऱ्यांसमोर आपल्या कर्जाचा विषय काढणार नाही. तसे न झाल्यास थेट माझ्याकडे लेखी तक्रार करावी.

शाखा व्यवस्थापक

७ ऑक्टोबर २०२४, अंतिम सूचना, कर्जदार व दोन्ही जामीनदारांस नोंदणीकृत टपालाने

महोदय,

तीन हप्ते रु. ३८,६८८, परतीचे शुल्क रु. ८८५ आणि दंडशुल्क रु. ६९ मिळून आजची थकबाकी रु. ३९,६४२ आहे. १८ सप्टेंबरच्या पत्रानंतर भरणा झाला नाही, अर्जही आला नाही. खाते ४ ऑक्टोबरपासून एसएमए-२ मध्ये आहे आणि पहिल्या थकीत हप्त्याला ९० दिवस पूर्ण होताच, ३ नोव्हेंबर २०२४ रोजी, ते अनुत्पादक ठरेल. त्यानंतर एखादा हप्ता भरून खाते नियमित होत नाही. मुद्दल व व्याजाची संपूर्ण थकबाकी भरावी लागते.

३ नोव्हेंबरला रविवार असून त्याच दिवशी भाऊबीज आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्या सुरू होण्यापूर्वी, २८ ऑक्टोबरपर्यंत, पूर्ण थकबाकी जमा करावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज केला जाईल. असा दाखला मिळाल्यास त्यातील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. जामीनदारांची जबाबदारी कर्जदाराइतकीच असल्याने अर्जात त्यांनाही पक्षकार केले जाईल.

वरील हिशेबाबाबत हरकत असल्यास पावत्यांसह २१ ऑक्टोबरपर्यंत शाखेत यावे. खात्याचा संपूर्ण उतारा सोबत जोडला आहे.

शाखा व्यवस्थापक,
हर्णै शाखा