परीक्षकांचा अभिप्राय: स्पर्धक क्र. 14, खतखते

चवथीनिमित्त पाककला स्पर्धा, अंतिम फेरी, फोंडा
अनिवार्य घटक: तिरफळ. वेळ: 90 मिनिटे.
एकूण गुण: 100 पैकी 76

चव: 40 पैकी 31

पहिला घास घेतला आणि बरे वाटले. तूरडाळ मऊ शिजलेली, पण तिचे वरण झालेले नव्हते. नारळाचे वाटण गंधासारखे बारीक होते. सोलांचा आंबटपणा आणि माडाच्या गुळाची गोडी एकमेकांना धरून होती. त्यात गूळ घालताना तुम्ही दोनदा चव घेऊन पाहिली, तीही वाटीत काढून, निवू देऊन. गरम रसाची गोडी जिभेला नीट कळत नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाताला चव असते. रताळे आणि तांबडा भोपळा आधीच गोड असल्यामुळे गूळ बेताने घातलात, हेही योग्य.

गुण गेले ते शेवटी. घास गिळल्यावर घशाशी कडवटपणा राहिला आणि चौथ्या घासानंतर जीभ बधिर व्हायला लागली. त्याचे कारण तिरफळाच्या रकान्यात लिहिले आहे.

कृती: 25 पैकी 21

सुरण चिरून चिंचेच्या पाण्यात ठेवला होता. कुणाच्याही घशाला खाज आली नाही. भाज्या घालण्याचा क्रम मी मुद्दाम उभी राहून पाहिला: सुरण आणि मक्याचे तुकडे आधी, मग शेंगा, मुळा आणि कच्ची केळी, भोपळा सगळ्यांत शेवटी. त्यामुळे भोपळ्याची फोड वाढतानाही अखंड राहिली आणि सुरण बोटाने दाबल्यावर आतपर्यंत शिजलेला निघाला. सात भाज्या एकाच पातेल्यात, प्रत्येकीला तिचा तिचा वेळ देऊन शिजवणे हेच खतखत्यातले खरे कसब आहे आणि ते तुमच्याकडे आहे. फोडणी दिली नाहीत, कांदा-लसूण नाही. या फेरीत दोघांनी खतखत्याला मोहरीची फोडणी दिली. तुम्ही तो मोह टाळलात याचा मला आनंद आहे.

चार गुण कापले ते वाटण घातल्यावर रस जास्त उकळल्याबद्दल. नारळ किंचित फुटला होता. कडेला तेलाची तवंगरेषा दिसत होती.

मांडणी: 15 पैकी 13

केळीच्या पानावर वाटी, शेजारी उकड्या तांदळाचा भात आणि एक मिरची. एवढेच, आणि ते पुरेसे होते. मात्र वर सजावटीला तीन अख्खी तिरफळे ठेवायला नको होती. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी त्यातले एक चावले आणि त्यांना पाणी मागावे लागले.

अनिवार्य घटकाचा वापर: 20 पैकी 11

इथे सविस्तर लिहिते, कारण स्पर्धा तिरफळाची होती.

प्रत्येकाला 15 वाळलेली तिरफळे दिली होती. तुम्ही त्यातली 12 कोरडी भाजून नारळासोबत वाटलीत. विचारल्यावर तुम्ही सांगितलेत की सिचुआन मिरी अशीच वापरतात. दोन्ही एकाच कुळातली हे खरे, पण आपल्याकडे तिरफळाचे टरफल वाटत नाहीत, ते ठेचतात. वाटले की कडू होते आणि गाळूनही काढता येत नाही. शिवाय तुमच्या वाटणात काळी बी राहिली होती. मला वाटीच्या तळाशी तिचे दोन तुकडे मिळाले, दाताखाली वाळूसारखे कचकचले. बी काढून टाकायची असते, सुवास सगळा टरफलात असतो.

एवढ्या पातेल्याला सहा-सात तिरफळे पुरली असती. बी काढून टरफले पाण्यात भिजवायची, हलकीच ठेचायची, ती पाण्यासकट खतखत्यात घालायची, एक उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवायचे. झाकण काढल्यावर पहिल्या वाफेला जो वास येतो त्याच्यासाठी आपण तिरफळ घालतो. तुमच्या पातेल्याचे झाकण मी स्वतः काढले. वास नारळाचा आणि हळदीचा आला. बारा तिरफळे घालूनही तिरफळाचा आला नाही, आधी भाजल्यामुळे आणि मग उकळल्यामुळे तो उडून गेला होता.

11 गुण दिले ते घटकाला घाबरून दोन तिरफळांवर भागवले नाहीत म्हणून, आणि तेलकट बांगड्याचा सोपा आधार न घेता भाज्यांच्या सौम्य रसात ते वापरायची हिंमत केलीत म्हणून.

शिफारस: उत्तेजनार्थ पारितोषिक. पहिल्या तिघांत बसवता आले नाही, याची मला हुरहूर आहे. भाज्यांवरचा तुमचा हात या फेरीत सर्वांत चांगला होता. चवथीला घरी हेच खतखते याच भाज्यांचे करा, फक्त तिरफळ ठेचून शेवटी घाला.