अपॉइंटमेंटचा टॅब अडकला तर (काउंटरवर बसणाऱ्यांसाठी)

हा कागद वरच्या खणात, निळ्या वहीबरोबर ठेवायचा. टॅबमध्ये सेव्ह करून ठेवू नका, कारण लागेल तेव्हा नेमका टॅबच बंद असेल.

समोर पेशंट उभा असेल तर आधी पेशंट, मग टॅब. निळी वही उघडून नाव, मोबाईल नंबर, कोणत्या डॉक्टरांकडे आणि आल्याची वेळ एवढं लिहा. टोकन व-१, व-२ असं द्या, म्हणजे अ‍ॅपमधल्या नंबरांशी घोळ होणार नाही. आधी वेळ घेतलेले कोण, हे सकाळी काढलेल्या प्रिंटवर बघा. त्यासाठीच ती प्रिंट रोज काढायची आहे. छातीत दुखतंय, धाप लागलीय असं कोणी सांगितलं तर वहीसुद्धा बाजूला ठेवा आणि थेट सिस्टरना आवाज द्या.

लोकांना सांगायचं ते एवढंच: "सिस्टिम अडकलीय, तुमचं नाव मी वहीत लिहून घेतलंय, नंबर जाणार नाही." कधी सुरू होईल याचा अंदाज देऊ नका.

गर्दी जरा ओसरली की टॅब हातात घ्या. "सेव्ह" पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. स्क्रीन हलत नसली तरी ते टॅप आत साठत असू शकतात आणि अ‍ॅप जागं झालं की एकाच पेशंटच्या तीन अपॉइंटमेंट पडतात. आधी नक्की काय अडकलंय ते बघा.

चकती नुसती गोल फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष नेटचा असतो. ब्राउझरमध्ये आज न उघडलेली एखादी साइट उघडा; जुनं पान नेट नसतानाही दिसू शकतं. ती उघडली नाही तर त्याच वायफायवर दुसरा फोन चालतोय का बघा. फोन चालतोय आणि टॅब नाही, तर टॅबचा एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा. फोनही चालत नसेल तर राउटरचं बटण बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. त्याआधी मेडिकलच्या काउंटरला सांगा, त्यांचं बिलिंगही त्याच राउटरवर आहे.

नेट चालू आहे, टॅबची बाकीची बटणं चालतायत, फक्त अ‍ॅप ढिम्म आहे? `isn't responding` असा निरोप आला तर एकदा `Wait` दाबा, तरी हललं नाही तर `Close app`. निरोप नसेल तर चालू अ‍ॅप्सची यादी उघडून ते वर सरकवून बंद करा. तेवढ्यानेही नाही झालं तर:

```
Settings > Apps > (आपलं अ‍ॅप) > Force stop
```

त्याच पानावरून `Storage` मध्ये गेलात की `Clear cache` दिसेल. ते दाबायला हरकत नाही. शेजारचं `Clear storage` किंवा `Clear data` मात्र कुणीही, कधीही दाबायचं नाही. लॉगिन जातं हे एक. सर्व्हरवर न पोचलेल्या नोंदी फक्त टॅबमध्ये असतील तर त्याही जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तरी तेच होतं. "माझ्या मोबाईलवर असंच करतो" हे इथे चालणार नाही.

टॅबच पूर्ण गोठला असेल तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, लोगो दिसला की सोडा. साधारण दहा ते वीस सेकंद लागतात. काळा पडला असेल तर आधी चार्जरचं टोक नीट बसलंय का बघा. ही तक्रार दिसते त्यापेक्षा फार साधी निघते.

अ‍ॅप उघडतंय पण लॉगिन होत नसेल तर टॅबवरची तारीख आणि वेळ बघा. घड्याळ चुकलं असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. वेळ "ऑटोमॅटिक"वर ठेवा. वारंवार अडकत असेल तर मेमरी भरली आहे का पाहा.

डॉक्टरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरही अपॉइंटमेंट उघडत नसतील आणि नेट चालू असेल तर बिघाड सर्व्हरकडे आहे. टॅबला हात लावू नका, त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा सपोर्टचा नंबर लावा. किती वाजता अडकलं, स्क्रीनवर काय लिहिलंय आणि तुम्ही काय काय करून पाहिलंत हे सांगा. स्क्रीनचा फोटो मागितला तर पेशंटची नावं झाकून काढा. "सपोर्टमधून बोलतोय" म्हणून कुणी आपल्याला फोन केला तर पासवर्ड किंवा ओटीपी द्यायचा नाही. फोन ठेवून स्टिकरवरच्या नंबरवर स्वतः विचारा.

पाच मिनिटांत जमलं नाही तर खटपट थांबवा, मॅडमना कळवा आणि वहीवर काम चालू ठेवा.

अ‍ॅप सुरू झाल्यावर आधी मोबाईल नंबराने शोधा, नोंद आधीच पडली असेल तर दुसरी करू नका. वहीतली नावं त्याच दिवशी चढवा, वेळ वहीतलीच टाका, चढवलेल्या ओळीवर लाल पेनाने खूण करा. अर्धी चढवून ड्युटी संपली तर पुढच्या व्यक्तीला कुठपर्यंत झालंय ते दाखवूनच निघा.