गच्ची वॉटरप्रूफिंग: पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील सोसायट्या व बंगल्यांसाठी

वरच्या मजल्याच्या छताला ओल, रंगाचे पोपडे, ट्यूबलाइटच्या कड्यातून ठिबकणारं पाणी. आम्ही आधी गळतीचं मूळ शोधतो, काय लावायचं ते नंतर ठरवतो. स्लॅबमध्ये पाणी झिरपण्याआधी ते जुन्या कोब्यात साचून आडवं सरकतं, म्हणून ठिबकणाऱ्या जागेच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. बऱ्याचदा पाणी पॅरापेटच्या सांध्यातून किंवा आउटलेटच्या तोंडाशी आत शिरलेलं असतं.

काम कसं चालतं

१. पाहणी. साधारण दीड तास लागतो. जुन्या थरावर काठीने ठोकून पोकळ भाग खडूने आखतो. पाईप, सोलरच्या स्टँडचे पाय, डिशचे बोल्ट, टाकीचा ओव्हरफ्लो आणि आउटलेट एकेक करून पाहतो. खालच्या फ्लॅटमधली ओल मीटरने मोजतो. पाऊस नसतानाही ठिबक सुरू असेल तर संशय गच्चीवर नाही, टाकीवर किंवा पाईपवर. तसं आढळलं तर वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देत नाही, प्लंबरचं काम आहे असं लिहून देतो. पाहणीचे ₹१,०००. काम दिलंत तर ते बिलातून वजा.

२. ओल तपासणी. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून गच्चीवर रात्रभर ठेवतो. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर कोबा अजून ओला आहे. अशा पृष्ठभागावर कोटिंग केलं की उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते आणि थराला फुगे येतात. दोन वर्षांत सोललेल्या बहुतेक गच्च्यांचं कारण हेच. मालाला उगाच दोष दिला जातो.

३. तयारी. अर्धी मेहनत इथेच जाते. शेवाळ आणि सुटा जुना थर ग्राइंडरने व तारेच्या ब्रशने काढतो, प्रेशरने धुतो आणि दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ देतो. केसासारख्या भेगा सोडून बाकी भेगा इंग्रजी ‘व्ही’ आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरतो. पोकळ कोबा तेवढाच फोडून पुन्हा करतो. पाणी साचणारे खड्डे भरून आउटलेटकडे उतार देतो, १०० फुटांना निदान १ फूट.

४. वाटा आणि कोपरे. गच्ची आणि पॅरापेट मिळतात तिथे मॉर्टरचा गोल वाटा काढतो. काटकोनात थर ताणला जाऊन फाटतो. वाट्यावर फायबर जाळी दाबून कोटिंग पॅरापेटवर एक फूट चढवतो. आउटलेटमध्ये ते चार इंच आत उतरवतो.

५. कोटिंग. प्राइमर, मग पीयूचे दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा. दोन कोटांमध्ये हवामानानुसार ८ ते २४ तास. सुकलेला थर १ मिमी भरावा लागतो आणि त्याला दर चौरस मीटरला सुमारे दीड किलो माल लागतो, म्हणजे १,००० चौ. फुटांना २० किलोचे ७ डबे. डबे तुमच्यासमोर उघडतो आणि रिकामे तुमच्याकडेच ठेवतो. मोजून घ्या. तीन डब्यांत हजार फूट आटोपणाऱ्याचा भाव कमी असणारच.

६. पाणी तुंबवून चाचणी. शेवटच्या कोटनंतर ७ दिवसांनी आउटलेट बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवतो. १,२०० चौ. फुटांना सुमारे ५,६०० लिटर लागतं. पाण्याची सोय सोसायटीने करायची. टंचाईत टँकरची वेळ आधीच ठरवावी लागते.

भाव (प्रति चौ. फूट, माल व मजुरीसह, जीएसटी १८% वेगळा)

- अॅक्रिलिक कोटिंग, जाळीसह: ₹४० ते ६०. हमी ३ वर्षं. वावर नसलेल्या, चांगला उतार असलेल्या गच्चीसाठी.
- पीयू कोटिंग, जाळीसह: ₹७५ ते ११०. हमी ७ वर्षं.
- जुना कोबा काढून नवा विटांचा कोबा, खाली कोटिंगसह: ₹१९० ते २६०. हमी १० वर्षं. मलबा उतरवणं धरलेलं आहे.

भाव मजल्यांमुळे, लिफ्ट वापरायला मिळते की नाही यामुळे आणि भेगांच्या लांबीमुळे वरखाली होतो. ४०० चौ. फुटांखालच्या कामाला किमान ₹३५,०००.

उदाहरणार्थ ४० बाय ३० फुटांची गच्ची. मजला १,२०० आणि पॅरापेटवर चढलेला एक फूट १४०, एकूण १,३४० चौ. फूट. ₹८५ भावाने ₹१,१३,९००, जीएसटी ₹२०,५०२, एकूण ₹१,३४,४०२. कोटेशनची तुलना करताना समोरच्याने पॅरापेट मोजला आहे की गाळला आहे, ते आधी पाहा.

पैसे: ४०% माल आल्यावर, ४०% दुसरा कोट झाल्यावर, २०% चाचणी उत्तीर्ण झाल्यावर.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास निघणारे प्रश्न

“दुसरा ₹३० मध्ये करतोय.”
करत असेल. त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: मालाचं नाव, किती किलो, थराची जाडी, चाचणी किती तास. उत्तरं नीट आली तर त्याच्याकडूनच करा.

“मागे केलं होतं, दोन पावसाळ्यांत परत गळलं.”
बहुतेकदा ओल्या कोब्यावर काम झालेलं असतं, नाहीतर वाटाच काढलेला नसतो. जुना थर घट्ट असेल तर त्यावर काम होतं. सुटा असेल तर तो काढण्याचा खर्च वेगळा दाखवतो.

“आहे त्या कोब्यावरच अजून एक कोबा टाका.”
हे आम्ही करत नाही. साडेचार इंच कोब्याचं वजन दर चौ. फुटाला सुमारे २० किलो, म्हणजे हजार फुटांना २० टन. जुन्या स्लॅबवर इतका बोजा टाकायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल. शिवाय खालचा ओला कोबा तसाच राहतो.

“त्यापेक्षा पत्र्याची शेड बरी.”
पाऊस अडतो, पण महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. आणि खांबांचे बोल्ट स्लॅबमध्ये गेले की गळतीच्या नव्या जागा तयार होतात.

“वरच्या मजल्यावाल्यांनीच खर्च करावा.”
गच्ची सामाईक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. ठरावासोबत जोडायला पाहणी अहवाल फोटोंसह देतो.

“आत्ता जुलैमध्ये गळतंय, लगेच करा.”
पावसाळ्यात पक्कं कोटिंग करत नाही. आउटलेट मोकळं करणं, ओल्यावर चिकटणाऱ्या मॉर्टरने भेगा बुजवणं, ताडपत्री बांधणं एवढं होतं. ₹६,००० ते १५,०००, त्यावर हमी नाही. पक्कं काम नोव्हेंबर ते मे. एप्रिल-मेच्या तारखा लवकर भरतात.

“हमी कागदावरच राहते.”
लेखी तक्रारीनंतर ७ दिवसांत पाहणी, आणि गच्ची कोरडी झाल्यावर मोफत दुरुस्ती. मात्र काम झाल्यावर कोणी सोलर, डिश किंवा मंडपासाठी ड्रिल मारलं, किंवा स्लॅबच खचून चिरला, तर हमी लागू नाही. सोलर बसवायचंच असेल तर आधी बसवा. स्टँडच्या पायांभोवती आम्ही जाळी घालून थर चढवून घेतो.

पाहणी ठरवण्यासाठी

गच्चीची लांबी-रुंदी, इमारतीचं वय, किती मजले आणि खालच्या ओलीचे दोन-तीन फोटो पाठवा. पाहणीच्या दिवशी गच्चीची किल्ली आणि गळणाऱ्या फ्लॅटमधलं कोणीतरी घरी हवं. कोटेशन तीन दिवसांत मिळेल; ते ३० दिवस लागू राहील.